ईच, एव्हरी, बोथ, आयदर, ऑल: पुढे 'हॅज' की 'हॅव', 'इज' की 'आर'?

इंग्रजीत अर्ज, सूचना किंवा मेल लिहिताना या पाच शब्दांपाशी हात हमखास अडखळतो. शब्दांचा अर्थ माहीत नसतो म्हणून नव्हे. त्यांच्यापुढे क्रियापद कोणतं लावायचं आणि नंतर 'हिज' म्हणायचं की 'देअर', याची खात्री नसते म्हणून. मराठी माणसाच्या या अडचणीला एक खास कारण आहे. आपण 'प्रत्येक मुलाकडे दोन वह्या आहेत' म्हणतो, तेव्हा 'आहेत' हे क्रियापद वह्यांप्रमाणे चालतं, मुलाप्रमाणे नाही. 'प्रत्येकाने फॉर्म भरले' यातही क्रियापद फॉर्मकडे बघतं. हीच सवय इंग्रजीत आली की 'ईच बॉय हॅव टू नोटबुक्स' असं वाक्य तयार होतं. इंग्रजीत वह्या दोन असोत की वीस, क्रियापद मुलाकडेच बघणार: 'ईच बॉय हॅज टू नोटबुक्स'.

जवळ तीन गोष्टी ठेवा: तुम्ही स्वतः लिहिलेला एखादा इंग्रजी मजकूर, पेन्सिल आणि शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी शब्दकोश. शब्दकोशात नामापुढे C किंवा U अशी खूण असते. C म्हणजे मोजता येणारं नाम, U म्हणजे न मोजता येणारं. सातव्या पायरीला ही खूण लागेल. मजकूर कॉम्प्युटरवर असेल तर Ctrl+F दाबून each, every, both, either, all एकेक करून शोधा. सगळा लेख पुन्हा वाचण्यापेक्षा हे लवकर होतं.

खालची उदाहरणं मोठ्याने वाचा. या चुका डोळ्यांआधी कानाला खटकतात.

१. आधी 'ऑफ'च्या पुढचा भाग झाका

'ईच ऑफ द बॉइज हॅज अ बॅग.' या वाक्यात 'हॅज'च्या अगदी शेजारी 'बॉइज' बसलेलं आहे. जीभ आपोआप 'हॅव' म्हणू पाहते आणि बहुतेक चुका याच जागी होतात.

उपाय सोपा आहे. पेन्सिलीने 'ऑफ द बॉइज' झाका. उरलं 'ईच हॅज अ बॅग'. कर्ता 'ईच' आहे आणि तो एकवचनी आहे, म्हणून 'हॅज'. 'ऑफ'च्या पुढे कितीही लांब शेपूट असलं तरी फरक पडत नाही. 'ईच ऑफ द बॉइज हू केम फ्रॉम द टू स्कूल्स इन सातारा हॅज अ बॅग' इथेही 'हॅज'च. मधल्या 'हू केम' वगैरेचा मुख्य क्रियापदाशी संबंध नाही.

ही युक्ती ईच, एव्हरी वन, आयदर, नायदर या चौघांना लागू आहे. 'ऑल'ला मात्र ती उलटी पडते. तिथे 'ऑफ'च्या पुढचं नामच निकाल देतं. हा एक अपवाद आत्ताच मनात धरून ठेवा.

२. ईच: जागा बदलली की क्रियापद बदलतं

'ईच' वाक्यात तीन ठिकाणी बसतो. त्यातल्या दोन ठिकाणी एकवचन आणि तिसऱ्या ठिकाणी अनेकवचन लागतं. शाळेत पहिलाच नियम पाठ झालेला असतो, त्यामुळे तिसऱ्या जागी बरोबर वाक्यही चूक वाटू लागतं.

पहिली जागा नामाच्या आधी: 'ईच स्टुडंट हॅज अ कार्ड'. नाम एकवचनी, क्रियापदही एकवचनी. 'ईच स्टुडंट्स' असं कधीच नाही.

दुसरी जागा 'ऑफ'च्या आधी: 'ईच ऑफ द स्टुडंट्स हॅज अ कार्ड'. इथे नाम अनेकवचनी लागतं आणि त्याआधी द, दीज, माय असा एखादा शब्दही लागतो. 'ईच ऑफ स्टुडंट्स' चूक. सर्वनाम असेल तर 'द' नको: 'ईच ऑफ अस', 'ईच ऑफ देम'.

तिसरी जागा कर्त्याच्या मागे: 'द स्टुडंट्स ईच हॅव अ कार्ड'. इथे कर्ता 'ईच' नाही, 'द स्टुडंट्स' आहे. 'ईच' नुसता सोबत आला आहे आणि तो काढला तरी वाक्य उभं राहतं. म्हणून 'हॅव'. 'दे हॅव ईच रिसीव्ह्ड अ लेटर', 'वुई ईच पे फाइव्ह हंड्रेड रुपीज' ही वाक्यंही याच घरातली. भाव सांगताना तर 'ईच' वाक्याच्या टोकालाच जातो. 'दीज पेन्स कॉस्ट टेन रुपीज ईच' यात कर्ता पेन्स, म्हणून 'कॉस्ट'. तीच गोष्ट 'ईच ऑफ दीज पेन्स'ने सुरू केली की 'कॉस्ट्स टेन रुपीज' होतं. अर्थ तोच, पेनही तेच, फक्त कर्ता बदलला.

परीक्षेतल्या चूक शोधण्याच्या प्रश्नात ही तिसरी जागा सापळा म्हणून येऊ शकते. 'ईच' दिसला की लगेच 'हॅज' करायला धावू नका. त्याच्या आधी अनेकवचनी कर्ता आहे का, ते बघा.

३. एव्हरी: एकटा उभा राहत नाही

मराठीत दोघांनाही आपण 'प्रत्येक' म्हणतो. फरक असा की 'ईच' एकेकाला वेगळं काढून बघतो आणि 'एव्हरी' सगळ्या गटावरून हात फिरवून एकही सुटला नाही असं सांगतो. बऱ्याच वाक्यांत दोन्ही चालतात. जिथे चालत नाहीत, त्या जागा अशा.

गोष्टी दोनच असतील तर 'एव्हरी' येत नाही. माणसाला हात दोन, रस्त्याला बाजू दोन, म्हणून 'इन ईच हँड', 'ऑन ईच साइड ऑफ द रोड'. 'एव्हरी'ला किमान तीन हवेत.

'ऑलमोस्ट', 'निअरली' आणि 'नॉट' हे शब्द 'एव्हरी'च्या आधी लागतात, 'ईच'च्या आधी नाहीत. 'ऑलमोस्ट एव्हरी शॉप इज क्लोज्ड' बरोबर. 'ऑलमोस्ट ईच शॉप' कानाला बोचतं, कारण एकेकाला सुटं बघताना 'जवळजवळ' म्हणता येत नाही.

'एव्हरी'ला पुढे नाम लागतंच. 'एव्हरी ऑफ देम' असं इंग्रजीत नाही. मध्ये 'वन' घाला: 'एव्हरी वन ऑफ देम इज हिअर'. हा 'एव्हरी वन' दोन शब्दांत लिहायचा (every one) आणि तो वस्तूंनाही चालतो. जोडून लिहिला (everyone) की अर्थ 'सगळी माणसं' होतो आणि त्यापुढे 'ऑफ' येत नाही. दोन्ही एकवचनीच: 'एव्हरीवन इज रेडी'. 'रोज' या अर्थाचा 'एव्हरी डे'ही दोन शब्दांत (every day). जोडून लिहिला (everyday) की ते 'नेहमीचा' या अर्थाचं विशेषण होतं.

'एव्हरी बॉय अँड एव्हरी गर्ल हॅज अ सीट.' इथे 'अँड' आहे, माणसं दोन जातींची आहेत, तरी क्रियापद एकवचनीच. 'ईच'चंही तसंच. साध्या 'द बॉय अँड द गर्ल'पुढे 'हॅव' येतं, पण ईच किंवा एव्हरी पुढे उभा राहिला की जोडी सुटी होते.

अनेकवचनी नाम 'एव्हरी'पुढे एका ठिकाणी मात्र येतं, आकडा असताना: 'द बस कम्स एव्हरी टेन मिनिट्स', 'टेक धिस एव्हरी सिक्स अवर्स'. इथे दहा मिनिटं मिळून एक टप्पा होतो. अशा ठिकाणी 'ईच' लावू नका.

४. मागून येणारं सर्वनाम: हिज, हर की देअर?

क्रियापद बरोबर लागलं तरी पुढे पुन्हा पाय घसरतो. 'ईच स्टुडंट मस्ट ब्रिंग ... कार्ड' यात रिकाम्या जागी काय? मराठीत 'प्रत्येकाने आपापलं कार्ड आणावं' म्हणून आपण सुटतो. 'आपापलं' कार्डाप्रमाणे चालतं, त्यामुळे कार्ड आणणाऱ्याच्या लिंगाचा किंवा वचनाचा प्रश्नच येत नाही. इंग्रजीत निवड करावीच लागते.

जुन्या पद्धतीत 'हिज' लिहीत आणि त्यात मुलीही धरत. नंतर 'हिज ऑर हर' आलं. आज बोलण्यात आणि बऱ्याच लेखनात 'देअर' सर्रास चालतं: 'ईच स्टुडंट मस्ट ब्रिंग देअर कार्ड'. एकवचनी व्यक्तीसाठी 'दे' ही नवी टूम नाही, इंग्रजीत शतकानुशतकं तसं लिहिलं गेलं आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखननियमांच्या २०१९च्या सातव्या आवृत्तीने तर ते वापरण्याचीच शिफारस केली. लक्षात ठेवायचं ते असं की 'देअर' आलं तरी क्रियापद अनेकवचनी होत नाही. 'ईच स्टुडंट हॅज देअर ओन कार्ड' चालेल, 'ईच स्टुडंट हॅव' कधीच नाही.

स्पर्धा परीक्षेच्या वस्तुनिष्ठ प्रश्नात मात्र जुना नियम धरलेला असण्याची शक्यता जास्त. पर्यायांत 'हिज' आणि 'देअर' दोन्ही असतील तर 'हिज' निवडणं सुरक्षित. सूचना किंवा पत्र लिहिताना माझी पसंती तिसऱ्या वाटेला आहे, ती म्हणजे कर्ताच अनेकवचनी करणे: 'ऑल स्टुडंट्स मस्ट ब्रिंग देअर कार्ड्स'. वादच मिटतो.

वस्तूंना हा पेच नाही. 'ईच रूम हॅज इट्स ओन मीटर.' आणि 'ईच' तिसऱ्या जागी असेल तर सर्वनामही कर्त्याप्रमाणे अनेकवचनी: 'द बॉइज ईच टुक देअर बॅग्ज'.

वाक्याच्या शेवटी शेपटीसारखा जोडलेल्या छोट्या प्रश्नात एक गंमत आहे. 'एव्हरीवन हॅज कम' म्हटल्यावर पुढे 'हॅवन्ट दे?' येतं, 'हॅजन्ट ही?' सहसा नाही. आधी हॅज आणि लगेच हॅव, तरी वाक्य बरोबर.

५. बोथ: कायम अनेकवचन, पण नकारात सांभाळून

'बोथ' सगळ्यांत सोपा. गोष्टी दोन, क्रियापद अनेकवचनी, सर्वनाम 'दे' आणि 'देअर'. 'बोथ बुक्स आर', 'बोथ द बुक्स आर', 'बोथ ऑफ द बुक्स आर' ही तिन्ही चालतात. 'द बोथ बुक्स' आणि 'बोथ ऑफ बुक्स' नाहीत. 'बोथ'चा जोडीदार 'अँड' असतो. 'बोथ सुनीता ॲज वेल ॲज मीना' असं लिहिलेलं दिसतं, ते 'बोथ सुनीता अँड मीना आर' करा.

खरा घोटाळा नकारात होतो. 'दोघेही आले नाहीत' याचं आपण 'बोथ डिड नॉट कम' करतो. इंग्रजी ऐकणाऱ्याला 'दोघं मिळून आले नाहीत, एकच आला' असाही अर्थ लागू शकतो. एकही आला नसेल तर 'नायदर ऑफ देम केम' म्हणा. एकच आला असेल तर 'ओन्ली वन ऑफ देम केम'.

'ऑल'चंही हेच दुखणं आहे. 'ऑल द स्टुडंट्स डिड नॉट पास' म्हणजे सगळे नापास, की काही नापास? निकालाच्या पत्रात असं वाक्य नको. काही नापास असतील तर 'नॉट ऑल द स्टुडंट्स पास्ड', सगळेच असतील तर 'नन ऑफ द स्टुडंट्स पास्ड'.

६. आयदर आणि नायदर: एकटे असताना एक नियम, जोडीने असताना दुसरा

एकटा 'आयदर' म्हणजे दोघांतला कोणताही एक: 'आयदर डे इज फाइन'. नाम एकवचनी, क्रियापद एकवचनी. 'आयदर ऑफ द डेज इज फाइन' इथे पहिली पायरी वापरा, 'ऑफ द डेज' झाका. 'नायदर ऑफ द लिफ्ट्स इज वर्किंग' यातही 'इज'. बोलताना या जागी 'आर' ऐकू येईल, पण औपचारिक लेखनात आणि परीक्षेत एकवचनच ठेवा. पर्याय तीन किंवा जास्त असतील तर 'आयदर' नव्हे, 'एनी': 'एनी ऑफ द थ्री डेज'.

'आयदर'मागे 'ऑर' आला की खेळ बदलतो. आता क्रियापदाच्या सर्वांत जवळचा कर्ता निर्णय घेतो. 'आयदर द मॅनेजर ऑर द क्लार्क्स हॅव द की.' उलटं केलं तर 'आयदर द क्लार्क्स ऑर द मॅनेजर हॅज द की'. माणसं तीच आणि किल्लीही तीच. 'नायदर' आणि 'नॉर'लाही हाच नियम. ऐकायला सोपं जावं म्हणून अनेकवचनी कर्ता नंतर ठेवा. 'आयदर यू ऑर आय ॲम राँग' हे नियमाने बरोबर असलं तरी अवघडलेलं वाटतं. तिथे 'वन ऑफ अस इज राँग' लिहून मोकळं व्हा.

'ऑन आयदर साइड ऑफ द रोड' म्हणजे दोन्ही बाजूंना. इथे 'कोणत्यातरी एका बाजूला' असा अर्थ लावून फसू नका. तरीही नाम एकवचनी 'साइड'च.

७. ऑल: इथे पुढचं नाम बोलतं

'ऑल'ला स्वतःचं वचन नाही. 'ऑल द चेअर्स आर ब्रोकन', पण 'ऑल द फर्निचर इज ब्रोकन'. खुर्च्या मोजता येतात, 'फर्निचर' इंग्रजीत मोजत नाहीत. आता शब्दकोश काढा. नामापुढे U असेल तर 'ऑल'मागे एकवचन. मराठी माणसाला चकवणारे U खुणेचे शब्द हे: फर्निचर, लगेज, इन्फर्मेशन, ॲडव्हाइस, इक्विपमेंट, होमवर्क. सामान म्हटलं की डोळ्यांपुढे आठ बॅगा येतात, म्हणून 'ऑल द लगेज आर' होतं. बरोबर 'ऑल द लगेज इज हिअर', आणि सर्वनाम 'इट': 'पुट इट इन द बस'.

नाम नसताना 'ऑल' माणसांसाठी असेल तर अनेकवचन: 'ऑल वेअर प्रेझेंट'. परिस्थिती किंवा 'सगळं काही' या अर्थाने असेल तर एकवचन: 'ऑल इज वेल', 'ऑल आय नीड इज टू डेज'. या शेवटच्या वाक्यात 'डेज' दिसलं म्हणून 'आर' करू नका, कर्ता 'ऑल' आहे.

८. एक सूचना तपासून बघू

सहलीची ही सूचना कच्ची आहे, असं समजा:

'एव्हरी ऑफ द स्टुडंट्स आर गोइंग टू रायगड. ईच स्टुडंट हॅव बीन गिव्हन टू फॉर्म्स. आयदर पेरेंट्स कॅन साइन. ऑल द लगेज हॅव टू बी इन द बस बाय सिक्स. आयदर द क्लास टीचर ऑर टू व्हॉलंटिअर्स इज गोइंग टू चेक इट. बोथ द बसेस विल नॉट स्टॉप ॲट माणगाव.'

पहिल्या वाक्यात 'एव्हरी ऑफ' नाही. 'एव्हरी वन ऑफ द स्टुडंट्स इज गोइंग' होईल, पण सूचनेत 'ऑल द स्टुडंट्स आर गोइंग' साधं आणि स्पष्ट.

दुसऱ्यात फॉर्म दोन आहेत म्हणून 'हॅव' आलं. सुरुवातीला सांगितलेली सवय ती हीच. कर्ता 'ईच स्टुडंट', म्हणून 'हॅज बीन गिव्हन'.

तिसऱ्यात 'पेरेंट्स' चूक, 'आयदर पेरेंट कॅन साइन'. इथे 'कॅन' असल्यामुळे क्रियापदाचा प्रश्नच उठला नाही. कॅन, मस्ट, शुड, विल यांना वचन नसतं, आणि 'वॉज' व 'वेअर' सोडले तर भूतकाळालाही नसतं. घाईत खात्री नसेल तेव्हा 'ईच स्टुडंट मस्ट' ही पळवाट उपयोगी पडते.

चौथ्यात लगेज U खुणेचं, म्हणून 'हॅज टू बी'. पाचव्यात क्रियापदाजवळचा कर्ता 'टू व्हॉलंटिअर्स', म्हणून 'आर गोइंग'. शेवटचं 'इट' मात्र बरोबर आहे, ते लगेजसाठी आलं आहे.

सहाव्यात व्याकरणाची चूक नाही, पण पालक विचारतील की एक बस तरी थांबणार का. एकही थांबणार नसेल तर 'नायदर बस विल स्टॉप ॲट माणगाव'. एक थांबणार असेल तर कोणती, ते लिहा.